चार्जर जळतोय? स्टॅबिलायझर घेण्याआधी खांबावरची न्यूट्रल तपासून घ्या

गेल्या डिसेंबरमध्ये आईचा फोन आला. "अरे, परत चार्जर गेला. सात आठवड्यांत हा तिसरा." पहिला चार्जर गेला तेव्हा मी कंपनीला दोष दिला. दुसरा स्वस्तातला होता, म्हणून आईलाच दोन शब्द ऐकवले. तिसरा मात्र फोनसोबत आलेला मूळ चार्जर होता आणि तोही गेला. आमचं गाव सातारा जिल्ह्यात. डिसेंबरमध्ये तिकडे ना पाऊस असतो, ना विजा. मग चार्जर मरत होते कशाने?

मी इंजिनीअरिंग करून बातमीदारीत आलो. घरचे अजूनही मला 'इलेक्ट्रिकवाला' समजतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्याच गळ्यात पडला. उत्तर शोधताना एक गोष्ट लक्षात आली. 'व्होल्टेज कमी-जास्त होतंय' या एका वाक्यात आपण निदान तीन वेगवेगळे आजार कोंबतो आणि तिन्हींवर एकच औषध आणतो, ते म्हणजे स्टॅबिलायझर. माझ्या मते मोबाइलच्या चार्जरसाठी तो बहुतेक वेळा चुकीचा खर्च आहे. खरा दोष अनेकदा घरात नसतो, घराबाहेरच्या खांबावर असतो. हे का म्हणतोय, ते आमच्याच घराच्या उदाहरणावरून सांगतो.

चार्जरला कमी व्होल्टेजची भीती नसते

हातातला चार्जर उलटा करून बघा. बारीक अक्षरांत इनपुट १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. म्हणजे हा चार्जर १०० व्होल्टवरही चालतो आणि २४० वरही. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येणं अपेक्षित असतं. संध्याकाळी ते १७० वर घसरलं तर पंखा मंदावतो, फ्रिजचा कॉम्प्रेसर कुरकुरतो, पण चार्जर नेहमीसारखा चालत राहतो. कारण व्होल्टेज सांभाळणं हेच त्याचं मुख्य काम असतं. आत येणारी वीज तो आधी एकदिश करतो, मग तिचे अतिवेगाने तुकडे पाडून फोनला हवे तेवढे ५, ९ किंवा १२ व्होल्ट बाहेर देतो. एका अर्थाने चार्जरमध्ये स्वतःचा स्टॅबिलायझर आधीच बसवलेला असतो.

व्होल्टेज खूपच खाली, म्हणजे ८०-९० च्या घरात गेलं, तर चार्जर बंद पडतो आणि थोडं वर आलं की पुन्हा सुरू होतो. तेव्हा फोनवर चार्जिंग सुरू झाल्याचा आवाज पुन्हा पुन्हा येतो. त्रासदायक आहे, पण याने सहसा चार्जर जळत नाही.

वरच्या बाजूला मात्र तेवढी मोकळीक नसते. चार्जरच्या आत करंगळीच्या टोकाएवढा एक नळकांड्यासारखा कपॅसिटर असतो. येणारी वीज एकदिश झाल्यावर याच्यातच साठते. घरगुती चार्जरमध्ये त्याच्यावर बहुधा ४०० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. आपण ज्याला २३० व्होल्ट म्हणतो ती एक प्रकारची सरासरी असते. प्रत्येक लाटेच्या शिखरावर व्होल्टेज त्याच्या १.४१ पट असतं, म्हणजे सुमारे ३२५. कपॅसिटर या शिखरापर्यंत भरतो. म्हणजे रोजच्या दिवशी ३२५ आणि मर्यादा ४००. मधलं अंतर एवढंच.

आता घरातलं व्होल्टेज २८५ झालं असं धरा. शिखर ४०३ वर जातं आणि मर्यादा ओलांडली जाते. कपॅसिटर लगेच फुटेल असं नाही. तो तापतो, फुगतो आणि काही मिनिटांत किंवा काही दिवसांत निकामी होतो. जाता जाता शेजारच्या चिपलाही घेऊन जातो. जळालेल्या चार्जरला माशासारखा कुबट वास येतो किंवा हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळतं, तो बऱ्याचदा याचाच परिणाम असतो.

म्हणजे 'चार्जर का जळतो' या प्रश्नाचा पहिला अर्थ असा की, व्होल्टेज वर कधी आणि का गेलं ते शोधायचं. संध्याकाळी दिवे मंद होतात ही तक्रार खरी असली, तरी चार्जरच्या मृत्यूचा गुन्हेगार तो नसतो.

धागा मिळाला तो शेजारच्या गीझरमुळे

आईला मी एकच गोष्ट विचारली. तिन्ही चार्जर किती वाजता गेले? तिला वेळ अगदी पक्की सांगता आली नाही, पण रात्री झोपताना फोन लावला होता आणि सकाळी उठल्यावर तो अर्धवट चार्ज झालेला होता, हे तिन्ही वेळेला सारखं होतं. म्हणजे चार्जर रात्रभर चालला आणि पहाटे कधीतरी गेला.

मधल्या काळात वडिलांनी घाईने एक स्टॅबिलायझर आणून ठेवला होता. तो त्यांनी पुढच्या खोलीत बसवला आणि त्यावर आपला फोन लावला. त्या फोनचा चार्जर शाबूत राहिला, पण सकाळी सहाच्या सुमारास फोन सारखा 'टुंग टुंग' करायचा. स्टॅबिलायझरमधूनही टकटक आवाज येत असे. तिसरा चार्जर मेला तो आईच्या उशाशी, आतल्या खोलीत. तिथे स्टॅबिलायझर नव्हताच.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा सॉकेटमध्ये लावायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर सोबत नेला. रात्री दहाला २३६. पहाटे पाचला २३७. सहा वाजून दहा मिनिटांनी आकडा एकदम २९१ वर गेला आणि ओसरीवरचा दिवा डोळ्यांत खुपेल इतका उजळला. दहा-पंधरा मिनिटांनी परत २३६.

त्याच वेळी बाहेर शेजारच्या काकू तक्रार करत होत्या, "गीझर लावून अर्धा तास झाला, पाणी कोमटच." मी मीटर घेऊन त्यांच्या घरी गेलो. गीझर चालू असताना त्यांच्याकडे १४५ व्होल्ट होते. गीझर बंद करायला सांगितला. त्यांच्याकडे २३५ झाले आणि आमच्या ओसरीवरचा दिवा पुन्हा शांत झाला.

एका घरात व्होल्टेज चढतं, त्याच क्षणी शेजारच्या घरात उतरतं. या दोन वेगळ्या तक्रारी नव्हत्या. हा एकच दोष होता आणि त्याचं नाव न्यूट्रल.

न्यूट्रल सुटली की नेमकं काय होतं?

गल्लीतल्या खांबावर बहुधा चार मुख्य तारा असतात. तीन फेज आणि एक न्यूट्रल. काही घरं पहिल्या फेजवर, काही दुसऱ्या, काही तिसऱ्या फेजवर जोडलेली असतात. फेज वेगवेगळ्या, पण परतीची वाट म्हणजे न्यूट्रल सगळ्यांची एकच. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट असतात. दोन फेजमध्ये मात्र सुमारे ४०० असतात. ही न्यूट्रल धड असते तोवर शेजाऱ्याने गीझर लावला काय किंवा गिरणी चालवली काय, आपल्या २३० ला फारसा धक्का लागत नाही.

ही सामाईक न्यूट्रल खांबावर किंवा ट्रान्सफॉर्मरजवळ तुटली, की परतीची वाटच बंद होते. मग वीज आपल्या फेजमधून आपल्या घरात येते आणि परत जाण्यासाठी शेजाऱ्याच्या घरातून दुसऱ्या फेजकडे जाते. दोन्ही घरं एका माळेत ओवल्यासारखी होतात आणि दोन फेजमधले ४०० व्होल्ट दोघांत वाटले जातात. वाटणी मात्र समान होत नाही. ज्या घरात जास्त लोड चालू आहे त्याच्या वाट्याला कमी व्होल्टेज येतं, ज्या घरात कमी लोड आहे त्याच्या वाट्याला जास्त.

हिशेब करून बघू. शेजारी २००० वॅटचा गीझर चालू आहे. आपल्याकडे दिवा, पंखा, टीव्ही आणि चार्जर मिळून २०० वॅट. समजा दोनच घरं आहेत आणि न्यूट्रल पूर्ण तुटली आहे. लोड दहास एक, म्हणून व्होल्टेजची वाटणी एकास दहा. ४०० चे अकरा भाग केले तर एक भाग साधारण ३६ व्होल्टचा. शेजाऱ्याला ३६ व्होल्ट, आपल्याला ३६४. त्यांचा गीझर थंड पडणार आणि आपल्या चार्जरमधला ४०० व्होल्टचा कपॅसिटर ५१५ व्होल्टचं शिखर सोसणार. तो सोसणार नाही, हे उघड आहे.

प्रत्यक्षात गल्लीत दहा-वीस घरं असतात, त्यामुळे आकडे इतके टोकाचे नसतात. आमच्याकडे न्यूट्रल जवळजवळ सुटली होती, पण काही वीज खांबाच्या अर्थिंगमधून, जमिनीतून कशीबशी परतत होती. म्हणून ३६४ ऐवजी २९१. पण २९१ चं शिखरही ४११ होतं. चार्जर पहिल्याच दिवशी न मरता दोन-तीन आठवडे तग धरून का मरत होते, याचंही उत्तर यातच आहे.

आमचंच घर का सापडलं, हेही मग कळलं. आमच्याकडे आंघोळीचं पाणी अजून बंबात तापतं. पहाटे सहाला आमच्या घरात ओसरीवरचा एक दिवा आणि उशाशी लावलेले फोन, एवढंच चालू असतं. गल्लीत सर्वांत कमी लोड आमचा, म्हणून सर्वांत जास्त व्होल्टेज आमच्या वाट्याला.

वायरमन काका शिडी लावून खांबावर चढले. खाली आले तेव्हा हातात पांढरट भुकटी धरलेला एक तुकडा होता. खांबावरची ॲल्युमिनियमची न्यूट्रल आणि तिला नुसती पिळून जोडलेली तांब्याची तार. या दोन धातूंच्या सांध्यात ओल गेली की ॲल्युमिनियम झिजतं, सांधा सैल होतो, तापतो आणि आणखी झिजतो. पावसाळ्यात ओल शिरली आणि थंडीत गीझर सुरू झाल्यावर सांध्यावर भार आला. काकांनी जोड नव्याने योग्य कनेक्टर लावून घट्ट केला. काम चाळीस मिनिटांचं. दुसऱ्या दिवशी पहाटे गीझर चालू असताना आमच्याकडे २३८ आणि शेजारी २३३.

मग स्टॅबिलायझर चुकला का?

नाही, त्याने त्याचं काम केलं. स्टॅबिलायझरमध्ये एक ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याला टप्प्याटप्प्यावर जोड असतात. व्होल्टेज घसरलं की रिले एक टप्पा वर जातो, चढलं की एक टप्पा खाली येतो. टकटक आवाज या रिलेचाच. आमचा स्टॅबिलायझर २८० पर्यंत सांभाळणारा होता. त्याच्या वर गेलं की तो पुढचा पुरवठाच तोडायचा आणि आकडा खाली आला की परत जोडायचा. म्हणून वडिलांच्या फोनचं ते 'टुंग टुंग'. त्यांना वाटायचं फोन बिघडला. खरं तर स्टॅबिलायझर चार्जरला वाचवत होता.

पण त्याच्या मर्यादाही इथेच दिसतात. तो फक्त त्याच्यावर लावलेली वस्तू वाचवतो, बाकीचं घर उघडंच राहतं. सगळ्याच स्टॅबिलायझरमध्ये वर सांगितलेली तोडण्याची सोय असते असंही नाही. घेताना 'हाय कट-ऑफ आहे का आणि तो किती व्होल्टला लागतो', हे विचारूनच घ्यावं. शिवाय तो मंद आहे. रिले हलायला सेकंदाचा काही शतांश भाग लागतो. विजेचा झटका त्याच्या हजारपट वेगाने येऊन निघून जातो.

स्टॅबिलायझरची खरी जागा फ्रिज, एसी आणि पाण्याची मोटर यांच्यामागे आहे. मोटर असलेल्या वस्तूंना कमी व्होल्टेज मारतं. कॉम्प्रेसर सुरू होऊ शकत नाही, जास्त करंट ओढतो आणि तापतो. तुमच्याकडे रोज संध्याकाळी १७० व्होल्ट येत असतील तर फ्रिजसाठी स्टॅबिलायझर जरूर घ्या. त्यावर चार्जर लावण्याची मात्र गरज नाही.

स्पाइक गार्ड कशासाठी?

दुसरा आजार झटक्याचा. जवळपास वीज पडते, मोठी मोटर बंद होते किंवा गेलेली लाइट परत येते, तेव्हा वायरमध्ये सेकंदाच्या लाखाव्या भागाइतक्या काळासाठी व्होल्टेज शेकडो, कधी हजारो व्होल्टपर्यंत उसळू शकतं. यावर सर्ज प्रोटेक्टर किंवा स्पाइक गार्ड उपयोगी पडतो. त्याच्या आत एमओव्ही नावाची नाण्यासारखी चकती असते. नेहमीच्या व्होल्टेजला ती गप्प असते. झटका आला की क्षणात वाहक बनते आणि जादा ऊर्जा स्वतःकडे घेते किंवा अर्थिंगकडे वळवते.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली, दुकानात मिळणारा प्रत्येक एक्स्टेन्शन बोर्ड स्पाइक गार्ड नसतो. लाल दिव्याचं बटण असलं म्हणजे आत चकती असतेच असं नाही. खोक्यावर सर्ज प्रोटेक्शन आणि त्याची ज्यूलमधली क्षमता लिहिलेली आहे का, ते बघा. दुसरी, घरात अर्थिंग नसेल तर त्याचं निम्मं काम होतच नाही. तीन पिनच्या सॉकेटमधलं मोठं भोक अनेक जुन्या घरांत कशालाच जोडलेलं नसतं. तिसरी, ही चकती प्रत्येक झटक्यात थोडी झिजते. चांगल्या गार्डवर ती जिवंत असल्याचा दिवा असतो. तो विझला की बोर्ड चालू राहतो, पण संरक्षण संपलेलं असतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे न्यूट्रल सुटल्यावर स्पाइक गार्ड वाचवत नाही. चकती क्षणभराच्या झटक्यासाठी बनलेली असते. तिला पंधरा मिनिटं ३५० व्होल्ट दिले तर ती तापून जळते, हलक्या दर्जाच्या बोर्डमध्ये आगही लागू शकते. पडदा, गादी किंवा लाकडी कपाटाला चिकटून स्पाइक गार्ड ठेवू नये, ते यासाठीच.

वीज थेट घरावर किंवा अगदी जवळच्या लाइनवर पडली तर घरगुती गार्ड काहीच करू शकत नाही. वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला की चार्जरची पिन काढून ठेवणं, हाच उपाय. त्याला पैसे पडत नाहीत.

न्यूट्रलसाठी वेगळी डबी मिळते

आमच्यासारख्या आजारावर तिसरी वस्तू आहे. तिला ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर म्हणतात. एमसीबीच्या शेजारी, मीटरनंतरच्या मुख्य बोर्डात ती बसते आणि सगळ्या घराचा पुरवठा तिच्यातून जातो. वरची मर्यादा आपण ठरवायची. व्होल्टेज त्याच्या पुढे गेलं की सेकंदाच्या छोट्याशा भागात ती अख्ख्या घराची लाइट तोडते. व्होल्टेज ठीक झालं की ठरवलेला वेळ थांबून आपोआप जोडते. व्होल्टेज सुधारणं तिचं काम नाही. धोका असेल तेव्हा दार लावून घेणं, एवढंच ती करते.

आम्ही वरची मर्यादा २७० ठेवली आणि खालची १६०. पुन्हा जोडण्याआधी तीन मिनिटं थांबायला लावलं, म्हणजे फ्रिजच्या कॉम्प्रेसरलाही दम मिळतो. मर्यादा फार आवळू नये. २४५ ठेवली तर रात्री लोड कमी झाल्यावर घरची लाइट सारखी जात राहील. ही डबी इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्यावी आणि घराच्या लोडला पुरेल एवढ्या अँपिअरची घ्यावी.

इथे एक गैरसमज दूर करतो. 'आमच्याकडे एमसीबी आहे, मग काळजी कशाला?' हे वाक्य मी गावात पाच-सहा जणांकडून ऐकलं. एमसीबी करंट बघते, व्होल्टेज नाही. घरात ३५० व्होल्ट आले तरी ती शांत बसून राहते.

दोष चार्जरचा, केबलचा की लाइनचा?

फोन धड चार्ज होत नाही म्हणजे व्होल्टेजचाच दोष, असंही नाही. वर्षभरात माझ्याकडे ओळखीच्या लोकांनी 'व्होल्टेजचा प्रॉब्लेम' म्हणून आणलेल्या फोनांपैकी बरेचसे केबल बदलल्यावर नीट झाले. तेव्हा पैसे खर्च करण्याआधी एक साधी चाचणी करा.

त्याच केबलने फोन पॉवर बँकेला लावा. तिथेही चार्जिंग तुटक होत असेल तर घरच्या लाइनचा संबंध नाही. केबल बदलून बघा, तरीही तेच असेल तर फोनच्या पोर्टमध्ये साचलेला खिशातला कापूस बघा. पॉवर बँकेवर नीट चालत असेल तर आता चार्जर दुसऱ्याच्या घरी लावून बघा. तिथेही अडखळला तर चार्जर गेला. तिथे चालला आणि तुमच्याकडेच अडखळतो, तर सॉकेट किंवा लाइन. सॉकेट सैल असेल तर पिन गरम लागते, भोकाजवळ काळपट डाग दिसतो.

चार्जिंगला लावल्यावर स्क्रीन आपोआप टाइप करते, स्पर्श भलतीकडेच लागतो, हीही तक्रार असते. याचं कारण बहुतेकदा हलक्या चार्जरमधून केबलवाटे फोनमध्ये येणारी विद्युत खळखळ असते. स्क्रीन बोटामुळे होणारा अतिसूक्ष्म विद्युत बदल ओळखते, त्या खळखळीत तिला बोट ओळखू येत नाही. यावर स्टॅबिलायझर काहीच करू शकत नाही, चार्जर बदलावा लागतो. नवा घेताना त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. तो क्रमांक BIS Care या ॲपमध्ये टाकून खरा आहे का, तेही तपासता येतं.

या सगळ्यातून दोष लाइनचाच ठरला, तर व्होल्टमीटरवर दोन दिवस आकडे लिहून ठेवा. पहाटे, दुपारी, संध्याकाळी सातला आणि रात्री अकराला. त्यासोबत शेजाऱ्यांना विचारा. संध्याकाळी सगळ्यांकडेच कमी होत असेल तर ट्रान्सफॉर्मरवर लोड जास्त आहे. रात्री सगळ्यांकडेच २५० च्या वर जात असेल तर ट्रान्सफॉर्मरचा टप्पा बदलायला हवा. फक्त तुमच्याकडेच, तेही मोठी वस्तू लावली की व्होल्टेज पडत असेल, तर तुमच्या खांबापासून मीटरपर्यंतचा किंवा घरातला एखादा जोड सैल आहे. आणि तुमच्याकडे चढतं तेव्हा शेजारी उतरत असेल, तर सामाईक न्यूट्रल. ही शेवटची खूण दिसली की मुख्य स्विच बंद करा आणि लगेच तक्रार करा. दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

एक जुगाड मात्र चुकूनही करू नका. न्यूट्रल गेली की काही जण घरातल्या अर्थिंगलाच न्यूट्रल जोडून लाइट चालू करतात. दिवे लागतात, पण मग परतीची वीज अर्थिंगच्या वायरमधून जाऊ लागते. जमिनीशी असलेला जोड कोरडा पडला किंवा सुटला, की फ्रिजचं दार, गीझरची टाकी, वॉशिंग मशिनचा पत्रा, सगळ्यांत करंट उतरतो. चार्जर वाचवताना माणूस जाईल.

तक्रार कोणत्या शब्दांत करायची?

माझं मत इथे स्पष्ट आहे. खांबावरची न्यूट्रल ही ग्राहकाची मालमत्ता नाही. ती नीट ठेवणं वीज देणाऱ्या कंपनीचं काम आहे. नियमाप्रमाणे घरगुती ग्राहकाचं व्होल्टेज ठरलेल्या आकड्यापेक्षा ६ टक्क्यांहून जास्त वर किंवा खाली जायला नको, म्हणजे २३० चा हिशेब धरला तर साधारण २१६ ते २४४. आमच्याकडे २९१ होते. तरीही आम्ही तीन चार्जर आणि एक स्टॅबिलायझर स्वतःच्या खिशातून घेतला आणि गप्प बसलो, कारण आम्हाला ही आपलीच अडचण वाटत होती.

तक्रार झाली नव्हती असंही नाही. शेजारच्या काकूंनी 'लाइट कमी येते' असं दोनदा कळवलं होतं. कुणीतरी येऊन गेलं, दुपारी दोनला मीटर लावला, आकडा बरोबर दिसला, परत गेलं. दुपारी दोनला गीझर कोण लावतं? दोष पकडायचा तर तो कधी दिसतो, ते तक्रारीत यायला हवं.

म्हणून 'व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे' असं मोघम सांगू नका. १९१२ वर किंवा कार्यालयात अशी तक्रार द्या: 'सामाईक न्यूट्रल सुटल्याचा संशय आहे. सकाळी सहा ते सात या वेळेत आमच्याकडे २९१ व्होल्ट आणि त्याच वेळी शेजारच्या घरात १४५. खांबावरचा जोड तपासावा.' सोबत मीटरच्या आकड्याचे वेळेसह काढलेले फोटो ठेवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. शक्य असेल तर शेजाऱ्यालाही त्याच दिवशी तक्रार नोंदवायला सांगा. चढलेला आकडा आणि उतरलेला आकडा एकत्र वाचला, तरच कार्यालयात बसलेल्या माणसाला खांबावर चढल्याशिवाय दोष कळतो.

आमच्याकडे दुसऱ्या वेळची तक्रार या शब्दांत गेली आणि वायरमन काका त्याच दिवशी शिडी घेऊनच आले. स्टॅबिलायझर आता फ्रिजमागे लागला आहे. आईचा चौथा चार्जर उशाशीच असतो, आणि तो डिसेंबरपासून अजून चालू आहे. ओसरीवरचा दिवा पहाटे उजळतो का, हे मात्र ती रोज उठल्यावर बघते.